मॅक्रोची फायनल: ग्रोथ, महागाई आणि बेरोजगारीची चार आठवड्यांची रिव्हिजन, एकाच गावाच्या आकड्यांवर

टीवायची मुलं मॅक्रोची रिव्हिजन करतात ती बहुतेक चॅप्टरवार. ग्रोथ एका वहीत, इन्फ्लेशन दुसरीत, अनएम्प्लॉयमेंटच्या झेरॉक्स तिसरीकडेच. आणि पेपरात मोठ्या मार्कांचा प्रश्न येतो तो नेमका या तिघांच्या सांध्यावर, म्हणजे महागाई कमी करायला किती उत्पादन गमवावं लागेल, किंवा बचत वाढली तर ग्रोथ कायमची वाढते का. तिथे व्याख्या पाठ असूनही पेन अडतं. म्हणून खालचा प्लॅन मी एकाच छोट्या गावाच्या आकड्यांवर बसवलाय, गाव कल्पनेतलं आहे, तिथे नारळ आणि बांगडे सोडून दुसरं काही पिकत नाही की विकत नाही. चार आठवडे तेच गाव, तीच वही. आठवड्यातले पाच दिवस रोज दीड तास, सहाव्या दिवशी घड्याळ लावून जुन्या पेपरातला एक प्रश्न लिहायचा, सातवा दिवस मोकळा. जुने पेपर आत्ताच कॉलेजच्या लायब्ररीतून काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तिथे झेरॉक्ससाठी रांग लागते.

पहिला आठवडा: ग्रोथ

पहिले दोन दिवस फक्त रिअल आणि नॉमिनल. सोपं वाटतं म्हणून मुलं हे सोडून थेट सोलोवर उडी मारतात, मग पुढे डिफ्लेटरला अडकतात. गावाचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

```
पहिलं वर्ष : नारळ १००० × ३० रु.,  बांगडे ५०० किलो × २०० रु.
दुसरं वर्ष : नारळ ९०० × ४० रु.,   बांगडे ५४० किलो × २१० रु.
```

पहिल्या वर्षाचा जीडीपी ३०,००० अधिक १,००,००० म्हणजे १,३०,०००. दुसऱ्या वर्षाचा नॉमिनल ३६,००० अधिक १,१३,४०० म्हणजे १,४९,४००. आता दुसऱ्या वर्षाचाच माल पहिल्या वर्षाच्या भावाने मोजा, २७,००० अधिक १,०८,०००, झाले १,३५,०००, हा रिअल जीडीपी. म्हणजे नॉमिनल वाढ १४.९२ टक्के दिसते पण गाव खरोखर वाढलं ते ३.८५ टक्केच. हे कागदावर स्वतः करा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका, कारण परीक्षेत चुकतं ते इथेच: मुलं दोन्ही वर्षं आपापल्या भावाने मोजतात आणि त्यालाच रिअल म्हणतात. आपलं बरोबर आलं का ते कळायची खूण अशी की रिअल काढताना भावाचा रकाना दोन्ही वर्षांना एकच असायला हवा, बदलायचं ते फक्त प्रमाण.

उरलेले तीन दिवस सोलो मॉडेलला. मॉडेलचा सगळा जीव एका ओळीत आहे:

```
y = √k
Δk = s·y − (n + δ)·k
स्टेडी स्टेट:  s·√k = (n + δ)·k
```

इथे y म्हणजे दरडोई उत्पादन, k म्हणजे दरडोई भांडवल, s बचतीचा दर, n लोकसंख्येची वाढ आणि δ म्हणजे झीज. समजा बचत ०.२४, लोकसंख्या २ टक्क्यांनी वाढते, झीज ४ टक्के. वर्गमूळ k बरोबर ०.२४ भागिले ०.०६ म्हणजे ४, म्हणून k झाला १६ आणि y झाला ४. आता बचत ०.३० केली. नवीन वर्गमूळ ५, k २५, y ५. दरडोई उत्पादन चारावरून पाचावर गेलं, म्हणजे पंचवीस टक्के वाढ, आणि इथेच बहुतेक उत्तरं संपतात, 'बचत वाढली म्हणून ग्रोथ वाढली' असं लिहून. अर्धे मार्क तिथे जातात.

कारण मधला प्रवास लिहायचा राहतो. बचत वाढली त्या वर्षी k अजून १६ च आहे, बचत होते ०.३० गुणिले ४ म्हणजे १.२, आणि k तेवढाच टिकवायला लागतात ०.०६ गुणिले १६ म्हणजे ०.९६. उरले ०.२४, तेवढं भांडवल वाढलं, म्हणजे दीड टक्का, आणि उत्पादन साधारण पाऊण टक्का. पुढच्या वर्षी k जास्त म्हणून टिकवायचा खर्चही जास्त, वर उरतं ते टक्केवारीत कमी, असं करत करत वाढ मंदावत जाते आणि k २५ ला पोचला की दरडोई वाढ परत शून्य. एकूण जीडीपी तेव्हाही लोकसंख्येइतका, २ टक्क्यांनी वाढतोच. म्हणजे बचतीने लेव्हल कायमची वर जाते, ग्रोथ रेट मात्र थोडा काळच वर जातो. दरडोई उत्पादन कायम वाढत राहायला मॉडेलात एकच वाट आहे, टेक्नॉलॉजी. रॉबर्ट सोलोचा हा पेपर १९५६ चा, आणि पुढे १९५७ मध्ये त्याने अमेरिकेचे आकडे घेऊन दाखवलं की माणशी उत्पादनाच्या वाढीतला मोठा भाग भांडवलाने समजावता येत नाही, तो उरलेला भाग म्हणजेच सोलो रेसिड्युअल.

आकृती काढताना वेळेचीही एक आकृती काढाच, आडव्या अक्षावर वर्षं, उभ्यावर दरडोई उत्पादन. आधी सपाट, मग चढ, मग वरच्या पातळीवर परत सपाट. नेहमीच्या सोलो आकृतीत हा प्रवास दिसत नाही, फक्त दोन छेदबिंदू दिसतात, म्हणून परीक्षकाला तुमची समज दाखवणारी हीच दुसरी आकृती. गोल्डन रूल विचारला तर या फंक्शनमध्ये बचत ०.५ येते, कारण भांडवलाचा वाटा अर्धा आहे. त्याच्यावर एक तासापेक्षा जास्त घालवू नका.

दुसरा आठवडा: महागाई

गाव तेच. डिफ्लेटर म्हणजे नॉमिनल भागिले रिअल, १,४९,४०० भागिले १,३५,०००, आला ११०.६७, म्हणजे महागाई १०.६७ टक्के. आता सीपीआय काढा. त्यात टोपली पहिल्या वर्षाचीच राहते: १००० नारळ आणि ५०० किलो बांगडे, नव्या भावाने ४०,००० अधिक १,०५,००० म्हणजे १,४५,०००. भागिले १,३०,०००, आला १११.५४, महागाई ११.५४ टक्के.

एकाच गावात एकाच वर्षी महागाई दोन वेगळी कशी? नारळ तेहतीस टक्क्यांनी महागला आणि माल नऊशेवर आला, सीपीआय मात्र अजून हजार नारळच धरून चाललाय, म्हणून महागलेल्या वस्तूला त्यात जास्त वजन मिळतं. डिफ्लेटर त्या वर्षीचं खरं प्रमाण घेतो. शॉर्ट नोटला हा प्रश्न फार आवडीचा, आणि 'सीपीआयमध्ये सब्स्टिट्यूशन बायस असतो' एवढी एक ओळ लिहिण्यापेक्षा दोन वस्तूंचं असं गणित मांडलंत तर उत्तर वेगळं उठून दिसतं. दुसरा फरकही लिहा, डिफ्लेटरमध्ये देशात तयार झालेलं सगळं येतं पण आयात येत नाही, सीपीआयमध्ये आयात केलेलं तेलही येतं जर घरात वापरलं जात असेल तर.

तिसऱ्या दिवशी 'भाव वाढले' आणि 'महागाई' यातला फरक, आणि याला गोंयच्या माणसाला उदाहरण शोधायला लांब जायला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बाजारात नुस्तं कमी येतं आणि भाव चढतात, ऑगस्टमध्ये ट्रॉलर परत निघाले की उतरतात. ही महागाई का नाही? एक, कारण हा एका वस्तूचा सापेक्ष भाव बदलला, सगळी पातळी वर गेली नाही. दोन, कारण तो परत खाली येतो, महागाई म्हणजे चालू राहणारी वाढ. आणि म्हणूनच महागाईचा आकडा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून देतात: जुलैची तुलना मागच्या जुलैशी, दोन्हीकडे बंदी होती, मोसमी चढ आपोआप गळून पडतो. जून-जुलैची तुलना मे महिन्याशी केलीत तर आकडा भलताच दिसेल.

बेस इफेक्टही इथेच उरकून घ्या. मागच्या वर्षी त्या महिन्यात इंडेक्स आधीच उंच असेल तर यंदा भाव तसेच वर राहूनही महागाईचा दर कमी दिसतो. दर कमी झाला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या नाहीत, त्या फक्त हळू महागतायत. हे वाक्य उत्तरात कुठे ना कुठे वापरायची वेळ येतेच.

चौथा दिवस पैशाचा: क्वांटिटी थिअरी वाढीच्या दरात लिहा, पैसा अधिक वेग बरोबर भाव अधिक उत्पादन. पैसा १२ टक्के वाढला, वेग स्थिर, उत्पादन ४ टक्के, तर महागाई ८. हा लाँग रनचा हिशोब आहे एवढं बाजूला नक्की लिहा, चौथ्या आठवड्यात उपयोगी पडतं. फिशर समीकरण यालाच जोडून घ्या: बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिलं, महागाई ४ होईल असं धरलेलं, म्हणजे रिअल ३ मिळतील असा अंदाज, प्रत्यक्षात महागाई ६ झाली तर हातात १ च, नुकसान देणाऱ्याचं आणि फायदा कर्जदाराचा. पाचव्या दिवशी भारताची चौकट. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलून महागाईचं लक्ष्य आणि सहा जणांची मॉनेटरी पॉलिसी कमिटी आली. लक्ष्य ४ टक्के, खाली-वर २ ची सूट, आणि सलग तीन तिमाही सरासरी या पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेला सरकारला लेखी कारण द्यावं लागतं. २०२२ मध्ये तसं पहिल्यांदा घडलं. एवढं उदाहरण पुरे.

तिसरा आठवडा: बेरोजगारी

हा आठवडा हलका आहे, पण व्याख्येत घसरायला होतं. आपल्या गावात पंधरा वर्षांवरचे २०० लोक, त्यातले ११४ कामाला, ६ जण काम शोधतायत. लेबर फोर्स १२०. बेरोजगारीचा दर ६ भागिले १२०, म्हणजे ५ टक्के, २०० ने भागायचं नाही. पार्टिसिपेशन रेट ६० टक्के.

आता ६ पैकी दोघांनी कंटाळून शोधणंच सोडलं. बेरोजगार ४, लेबर फोर्स ११८, दर ३.३९ टक्के. कोणालाही नोकरी लागली नाही आणि बेरोजगारी कमी झाली! म्हणून कधीही एकटा बेरोजगारीचा दर वाचू नका, शेजारी पार्टिसिपेशन रेट ठेवा (तो इथे ५९ झाला), आणि कामावरच्या लोकांचं प्रमाण बघा, ते ५७ होतं आणि ५७ च राहिलं. तीन आकड्यांचा हा तक्ता दोन मिनिटांत मांडता येतो आणि डिसकरेज्ड वर्करची अख्खी थिअरी त्यात येते.

भारताचा आकडा पीएलएफएस मधून येतो, हा सर्व्हे २०१७-१८ पासून सुरू झाला. त्यातल्या करंट वीकली स्टेटसमध्ये आठवड्यात एका दिवशी जरी एक तास काम केलं असेल तरी माणूस कामावर धरला जातो. म्हणजे आठवडाभर घरी बसून एकच दिवस कोणाची गाडी चालवलेला ड्रायव्हर बेरोजगार ठरत नाही. आपल्याकडे दर कमी दिसण्यामागे हे एक कारण, दुसरं म्हणजे बरेच लोक स्वतःच्या शेतावर, दुकानावर असतात, काम कमी झालं तरी ते बेरोजगार होत नाहीत, त्यांची कमाई घटते.

प्रकार लिहायला गोव्याचीच उदाहरणं घ्या, फक्त नीट लावा. किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यात बंद होतात आणि तिथला पोरगा जूनला घरी बसतो ती सीझनल. मायनिंगचं उदाहरण जास्त विचार मागतं. खाणी २०१२ ला थांबल्या, मध्ये काही प्रमाणात सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर परत बंद झाल्या. डिचोली, साखळी, कुडचडे पट्ट्यात ट्रकवाले, बार्जवरचे लोक, मशीन ऑपरेटर, गॅरेजवाले सगळ्यांचं काम गेलं. बरीच मुलं याला सायक्लिकल म्हणतात, कारण 'मंदी आली'. तपासायची कसोटी एकच: व्याजदर कमी केला, लोकांच्या हातात पैसा आला, मागणी वाढली, तर हे काम परत येईल का? शॅकच्या पोराला ऑक्टोबर उजाडला की काम मिळतं, पर्यटकच कमी झाले असतील तर मागणी वाढल्यावर मिळतं, पण बार्जवरच्या माणसाला दोन्हीने मिळत नाही, त्याला दुसरं कसब शिकावं लागतं किंवा दुसरीकडे जावं लागतं. म्हणून ती स्ट्रक्चरल. गॅरेजवाल्याचं गिऱ्हाईक गेलं तो भाग मात्र स्थानिक मागणीचा आहे, आणि एकाच घटनेत दोन प्रकार मिसळतात हे लिहिलंत तर उत्तर आणखी चांगलं होतं.

आठवड्याच्या शेवटी नॅचरल रेट. दर महिन्याला कामावरच्यांपैकी १ टक्का काम सोडतात, बेरोजगारांपैकी १९ टक्क्यांना काम मिळतं, तर

```
u = s / (s + f) = 0.01 / (0.01 + 0.19) = 0.05
```

म्हणजे ५ टक्के. इथला s हा सोलोमधला बचतीचा s नाही, वहीत त्याच्याभोवती गोल करा. हा ५ टक्का पुढे लागणार आहे.

चौथा आठवडा: सांधा

आता नवीन काही वाचायचं नाही, तिन्ही आठवड्यांचे आकडे एका समीकरणात बसवायचे:

```
π = πe − 0.5 (u − 5)
```

π म्हणजे महागाई, πe म्हणजे लोकांनी धरलेली महागाई, आणि ५ हा नॅचरल रेट. फिलिप्सने १९५८ मध्ये ब्रिटनचे जुने आकडे घेऊन मजुरीची वाढ आणि बेरोजगारी यांचं उलटं नातं दाखवलं, त्यात अपेक्षा नव्हत्या. त्या फ्रीडमन आणि फेल्प्सनी १९६० च्या दशकाच्या शेवटी घातल्या. ०.५ हा आकडा मी हिशोबासाठी घेतलाय, पेपरात जो देतील तो घ्या.

गावची महागाई सोयीसाठी १० धरू आणि ती ४ वर आणायचीय. लोक मागच्या वर्षीची महागाईच पुढे धरून चालतात. बँकेने व्याज वाढवलं, बेरोजगारी ९ वर गेली, म्हणजे नॅचरलपेक्षा ४ पॉइंट वर. ४ गुणिले ०.५, दरवर्षी २ पॉइंट उतरण:

```
वर्ष   अपेक्षा   बेरोजगारी   महागाई
१      १०       ९          ८
२      ८        ९          ६
३      ६        ९          ४
४      ४        ५          ४
```

चौथ्या ओळीकडे बघा. बेरोजगारी परत ५ वर आली तरी महागाई १० वर गेली नाही, ४ वरच राहिली. म्हणजे लाँग रनला ५ टक्के बेरोजगारीबरोबर कुठलीही महागाई बसते, लाँग रन फिलिप्स कर्व्ह उभा आहे, आणि हे सिद्ध करायला वेगळी थिअरी लागली नाही, तक्त्यातच दिसलं. आकृतीत प्रत्येक वर्षी शॉर्ट रन कर्व्ह खाली सरकवा, एकाच कर्व्हवरून तीन बिंदू काढले तर समजावं की अपेक्षा विसरलात.

आता किंमत. ओकुनचा नियम, बेरोजगारी नॅचरलपेक्षा १ पॉइंट वर तर उत्पादन पोटेन्शियलपेक्षा साधारण २ टक्के खाली. ४ पॉइंट म्हणजे ८ टक्के, तीन वर्षं, एकूण २४. महागाई उतरली ६ पॉइंट. २४ भागिले ६, सॅक्रिफाइस रेशो ४. गावाचा पोटेन्शियल जीडीपी १,३५,००० धरला आणि सोपं जावं म्हणून तो वाढत नाही असं धरलं, तर तीन वर्षांत गेले ३२,४०० रुपये, पहिल्या आठवड्यातल्या रिअल रुपयांत. इथे ग्रोथ, महागाई आणि बेरोजगारी एकाच ओळीत आली. 'टक्के' आणि 'पर्सेंटेज पॉइंट' इथे जपून वापरा: १० वरून ८ ही २ पॉइंटची घट आहे, टक्क्यांत ती २० आहे.

मर्यादाही लिहा. लोकांनी बँकेवर विश्वास ठेवून पहिल्याच वर्षी ४ धरले तर समीकरणात u ५ ठेवूनही महागाई ४ होते, किंमत शून्य. प्रत्यक्ष कुठेतरी मध्ये असतं. अमेरिकेत मध्यवर्ती बँकेचा प्रमुख वोल्कर होता त्या काळात महागाई १९८० मधल्या १३.५ वरून १९८३ पर्यंत ३.२ वर आली, पण १९८२ च्या शेवटी बेरोजगारी १०.८ झाली होती. आणि ओकुनचं २ हे अमेरिकेच्या आकड्यांवरचं ढोबळ प्रमाण, भारतात तसंच लावू नका, कारण वर बघितलं तसं इथे मंदीत माणूस बेरोजगार न होता कमी कमावतो. महागाई आणि बेरोजगारी दोन्ही एकदम वाढली असं प्रश्नात असेल (१९७३ नंतरचं तेल आठवा) तर समीकरणाच्या शेवटी सप्लाय शॉक जोडा, कर्व्ह वर सरकतो.

या आठवड्यात हा तक्ता तीनदा आकडे बदलून करा, एकदा ०.५ ऐवजी १ घेऊन, एकदा बेरोजगारी ७ धरून, एकदा लक्ष्य ६ ठेवून. गुणक १ केला की पहिल्याच वर्षी महागाई ६ वर येते, दुसऱ्या वर्षी बेरोजगारी ७ ठेवा म्हणजे ती ४ वरच थांबेल, आणि सॅक्रिफाइस रेशो २ येईल. बेरोजगारी ७ धरली तर सहा वर्षं लागतील पण रेशो ४ च राहील, आणि लक्ष्य ६ केलं तरी ४ च. तसं येत नसेल तर बहुतेक वर्षं मोजताना सुरुवातीचं वर्षही धरलेलं असतं, तिथे तपासा. पेपरच्या आदल्या दिवशी वहीतली चारच पानं उघडा: गावाचे भाव, सोलोची वेळेची आकृती, लेबर फोर्सचे तीन आकडे आणि हा तक्ता.